व्हीओ चालूच राहतो आणि व्हिज्युअल संपतात: फील्ड पॅकेजमधली नेहमीची अडचण

अडचण ओळखीची आहे. फील्डवरून पॅकेज येतं, एडिटर टाइमलाइनवर व्हीओ, म्हणजे चित्रांवर चालणारा रिपोर्टरचा आवाज, टाकतो आणि व्हीओ अजून अर्ध्यावर असतानाच दाखवण्यासारखी चित्रं संपतात. मग तोच ट्रक तिसऱ्यांदा पुढून जातो, एखादा पॅन संथ करून ताणला जातो. बाईटमध्ये, म्हणजे कुणाच्या तरी मुलाखतीच्या तुकड्यात, जिथे वाक्य कापलंय तिथे बोलणाऱ्याचं डोकं एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारतं. शेवटी पीटीसी येते आणि रिपोर्टर कॅमेऱ्याकडे बघून तेच सांगतो जे व्हीओत आधीच सांगून झालंय. डेस्कवरून फोन जातो, “अरे, व्हिज्युअल कमी पडतायत, अजून काही आहे का?” तोवर टीम घटनास्थळापासून बरीच लांब गेलेली असते.

यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: जास्त शूट करा. हा सल्ला मला पटत नाही, कारण तासभराचं फुटेज आणलेल्या टीमचंही पॅकेज असंच अडकताना मी पाहत आलो आहे. फुटेज किती आहे हा प्रश्नच नसतो. पीटीसी, व्हीओ आणि कटअवे या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या वेळी, एकमेकींचा विचार न करता ठरवल्या जातात. जागेवर पोचल्या पोचल्या, पाठीमागे काहीतरी दिसतंय म्हणून पीटीसी होते. परतीच्या गाडीत, फुटेज न बघता व्हीओ लिहिला जातो. बाईटमधली कापलेली जागा झाकणारे शॉट म्हणजे कटअवे, ते तर बहुतेक वेळा राहूनच जातात, आणि त्यांची आठवण एडिटर विचारतो तेव्हाच येते. कोणती गोष्ट चित्राने सांगायची, कोणती आवाजाने आणि कोणती स्वतः उभं राहून, याची वाटणी कुणीच केलेली नसते.

आधी बिघाड कुठे आहे ते बघा

तयार पॅकेज किंवा कच्चा कट हाताशी असेल तर तीन चाचण्या करा. पाच मिनिटांत बिघाडाची जागा सापडते.

पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघा. काय घडलंय, कुणाला झळ बसली आणि बातमीतली मुख्य वस्तू कोणती, हे नुसत्या चित्रांवरून ढोबळमानाने कळायला हवं. कळत नसेल तर शूटिंगमध्ये कमतरता आहे आणि व्हीओ कितीही चांगला लिहिला तरी ती भरून निघणार नाही.

मग डोळे मिटून नुसतं ऐका. ऐकताना सगळी गोष्ट पूर्णच्या पूर्ण समजली तर समजा व्हीओ चित्रांचं काम करतोय, म्हणजे तो गरजेपेक्षा लांब आहे. चांगल्या पॅकेजमध्ये डोळे मिटल्यावर थोडं चुकल्यासारखं वाटतं, कारण काही माहिती फक्त चित्रात असते.

शेवटी पीटीसी काढून टाका आणि तिच्या आधीचं आणि नंतरचं टोक जोडून बघा. गोष्ट तशीच्या तशी पुढे गेली तर ती पीटीसी कुठल्याच कामाची नव्हती. तिसऱ्या चाचणीत निम्म्याहून जास्त पॅकेज गळतात असा माझा अनुभव आहे, म्हणून दुरुस्तीही तिथूनच सुरू करावी लागते.

एका पुलाचं पॅकेज

एका नवीन रिपोर्टरचं पॅकेज मी त्याच्यासोबत बसून सोडवलं होतं, तेच इथे घेतो. बातमी साधी होती. नदीवरच्या पुलाचं एक बेअरिंग, म्हणजे खांब आणि वरचा गर्डर यांच्यामध्ये बसवलेला भार पेलणारा भाग, जागेवरून सरकलं होतं. त्यामुळे आदल्या रात्री अधिकाऱ्यांची बैठक झाली आणि पुलावर जड वाहनांना बंदी घालण्यात आली.

पॅकेज बरोबर दोन मिनिटांचं होतं. सुरुवातीला 24 सेकंदांचा व्हीओ, मग अभियंत्याचा 31 सेकंदांचा बाईट, त्यानंतर 28 सेकंदांचा दुसरा व्हीओ, ट्रकचालकाचा 13 सेकंदांचा बाईट आणि शेवटी 24 सेकंदांची पीटीसी. व्हीओ एकूण 52 सेकंदांचा झाला. पडद्यावर एक शॉट सरासरी चार सेकंद टिकतो असं धरलं तरी नुसत्या व्हीओसाठी 13 शॉट लागतात. त्याच्याकडे वापरण्याजोगे सात होते: पुलाचा एक वाइड, तीन पॅन, बॅरिकेड, उभ्या ट्रकची रांग आणि एक दुचाकी.

आवाज बंद करून बघितल्यावर खरी उणीव दिसली. सगळी बातमी ज्या बेअरिंगची, त्याचा एकही शॉट नव्हता. तीनही पॅन पुलाच्या वरून घेतलेले होते आणि बेअरिंग खाली होतं. अभियंता बाईटमध्ये 31 सेकंद ज्या वस्तूबद्दल बोलत होता ती प्रेक्षकाला दिसतच नव्हती. शिवाय त्या बाईटला दोन ठिकाणी कात्री लावलेली, म्हणून दोनदा डोकं उडत होतं आणि झाकायला काहीच नव्हतं.

दुसऱ्या व्हीओत आदल्या रात्रीची बैठक होती: कोण जमलं, काय ठरलं. बंद दाराआडच्या या बैठकीचं चित्र मिळणं शक्यच नव्हतं, त्यामुळे ती सगळी वाक्यं पुन्हा त्याच पॅनवर चढवली होती.

आणि पीटीसी अशी होती: “तुम्ही माझ्यामागे पाहू शकता, या पुलावरून जड वाहनांना बंदी घालण्यात आली आहे. यामुळे वाहनचालकांची मोठी गैरसोय होत असून आता प्रशासन काय पावलं उचलतं हे पाहणं महत्त्वाचं ठरणार आहे.” मागे पाहण्यासारखं आकाश होतं आणि कठड्याची एक धूसर रेघ. बंदीची माहिती पहिल्या व्हीओत आलेली, गैरसोय चालकाने स्वतः सांगितलेली, आणि शेवटच्या वाक्यात तर काहीच नव्हतं.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. बैठकीसाठी चित्र नाही, आणि पीटीसीला सांगायला नवीन काही नाही. दोन्ही अडचणींचं उत्तर एकच आहे: बैठक पीटीसीत जायला हवी होती.

चित्र नसलेली वाक्यं पीटीसीला द्या

जागेवरच, बाईट झाल्यावर आणि निघण्याच्या आधी, वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे काय दिसणार ते लिहा, उजवीकडे काय ऐकू येणार ते. उजवीकडे प्रत्येक वाक्य मोडक्यातोडक्या शब्दांत लिहून झालं की डावीकडे त्याच्या समोर शॉट लिहायचा. काही वाक्यांसमोरची जागा रिकामी राहील. त्या प्रत्येक वाक्याचा निकाल तिथल्या तिथे लावायचा: शॉट घेता येत असेल तर आत्ता घ्या, घेता येणारच नसेल तर ते पीटीसीत टाका, आणि तेवढं महत्त्वाचं नसेल तर काढून टाका. हे काम दहा मिनिटांचं आहे, पण कॅमेरा अजून जागेवर आहे तोवरच त्याचा उपयोग.

पीटीसीकडे जाणारी वाक्यं साधारणपणे ठरलेल्या जातीची असतात. बंद खोलीत घडलेलं, आधी होऊन गेलेलं, किंवा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, कालपासून आजपर्यंत गोष्ट नेणारं. म्हणून फील्ड पॅकेजमध्ये मधली पीटीसी मला सगळ्यात उपयोगी वाटते. शेवटची पीटीसी वाईट असते असं नाही, पण तिथे नवीन काही सांगायला उरलेलं नसतं आणि मग “महत्त्वाचं ठरणार आहे” आपोआप तोंडात येतं.

पुलावरची बंदी चालूच असल्यामुळे ती टीम दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. या वेळी रिपोर्टर पुलाच्या खाली उभा राहिला. त्याच्या खांद्यामागे खांबाचं डोकं आणि सरकलेलं बेअरिंग स्पष्ट दिसत होतं. तो म्हणाला, “परवा रात्री अधिकाऱ्यांची बैठक झाली ती याच फटीमुळे. बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. हे बेअरिंग बदलेपर्यंत ट्रक आणि बस पुलावर येणार नाहीत. आणि दुचाकी, छोट्या गाड्या मात्र एका वेळी एकाच बाजूने सोडल्या जातील.” साधारण पंधरा सेकंद. “याच फटीमुळे” म्हणताना त्याने मान वळवून वर बघितलं, एवढीच हालचाल.

चालत पीटीसी करायचा मोह पुष्कळांना होतो. चालण्याने काही दाखवलं जात असेल, म्हणजे बॅरिकेडपासून फटीपर्यंतचं अंतर किंवा एखादी आड असलेली वस्तू, तरच चाला. नाहीतर प्रेक्षक पायांकडे बघतो.

पीटीसीबद्दल आणखी एक नियम मी कटाक्षाने पाळतो. बदलू शकणारा आकडा किंवा तारीख पीटीसीत ठेवायची नाही. व्हीओ पाच मिनिटांत पुन्हा रेकॉर्ड होतो, पीटीसीसाठी पुन्हा त्या जागी जावं लागतं. जखमींची संख्या, पूल कधी सुरू होणार ते, वळसा किती किलोमीटरचा, हे सगळं व्हीओत. “काल बैठकीत हे ठरलं” हे वाक्य संध्याकाळी निर्णय फिरला तरी खोटं ठरत नाही. “पूल पंधरा दिवस बंद राहील” हे मात्र खोटं ठरू शकतं. शंका असेल तर एक पूर्ण टेक आणि एक फक्त पहिल्या दोन वाक्यांचा आखूड टेक, असे दोन्ही घेऊन ठेवा. बोलणं सुरू करण्याआधी आणि संपल्यावर तीन सेकंद कॅमेऱ्याकडे बघत शांत उभं राहा. हे टोक नसेल तर एडिटरला आधीच्या शॉटमधून पीटीसीत यायला जागाच उरत नाही.

कटअवे बाईट ऐकल्यावर घ्या

कटअवे म्हणजे मुख्य दृश्यावरून नजर थोडी बाजूला नेणारा शॉट: बोलणाऱ्याचे हात, तो ज्याबद्दल बोलतोय ती वस्तू, ऐकणारे लोक. बाईट कापला जातो तिथली उडी झाकणं हे त्याचं काम. नेहमी दिसणारी चूक ही की कटअवे बाईटच्या आधी, काहीतरी असावं म्हणून घेतले जातात. मग अभियंता बेअरिंगबद्दल बोलतो आणि त्यावर कुठला तरी फलक येतो.

बाईट चालू असताना रिपोर्टरने दोन-तीन नामं लक्षात ठेवायची. पुलाच्या बाईटमध्ये ती बेअरिंग, नकाशा आणि गर्डर अशी होती. बाईट संपला की पाहुण्याला लगेच सोडू नका. “साहेब, दोन मिनिटं थांबा, नकाशा पुन्हा एकदा दाखवता का?” एवढं म्हटलं तरी पुरतं. नकाशावर फिरणारं बोट, लांब लेन्सने घेतलेली बेअरिंगची फट, आणि दोघं बोलतायत असा लांबून घेतलेला शॉट ज्यात ओठ दिसत नाहीत. ओठ दिसले तर तो शॉट दुसऱ्या वाक्यावर वापरता येत नाही, हे घाईत विसरलं जातं. प्रत्येक शॉट कॅमेरा न हलवता मनात दहा मोजेपर्यंत धरायचा. दहातले चारच वापरले जातील, पण कुठले चार ते एडिटरला निवडता आलं पाहिजे.

पाहुणा आणि रिपोर्टर यांच्यामध्ये एक काल्पनिक रेषा धरा आणि कॅमेरा कायम तिच्या एकाच बाजूला ठेवा. पाहुणा पडद्याच्या उजवीकडे बघत बोलत असेल तर रिपोर्टरचा शॉट डावीकडे बघणारा हवा. कॅमेरा रेषेपलीकडे गेला की दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात आणि ते एकमेकांशी बोलतायत हेच पटत नाही.

एडिटमध्ये कटअवे नेमका कात्रीच्या जागीच सुरू केला तर झाकपाक केल्यासारखी दिसते. कात्रीच्या अर्धा-एक सेकंद आधी, ज्या शब्दावर त्या वस्तूचं नाव येतं तिथे तो सुरू करा, आणि नवीन वाक्य नीट सुरू झाल्यावर चेहऱ्यावर परत या.

इथे एक जबाबदारीही येते. कटअवे कात्री लपवतो, म्हणून कात्री कुठे लागली ते प्रेक्षकाला कळत नाही. अभियंता म्हणाला होता, “पूल लगेच पडेल अशी स्थिती नाही, पण जड वाहनं सोडली तर गर्डरवर ताण वाढेल.” यातलं पहिलं अर्धं कापून, वर नकाशाचा शॉट टाकून, फक्त दुसरं अर्धं ठेवलं तर चित्र एकदम गुळगुळीत होतं आणि त्याच्या बोलण्याचा अर्थ बदलतो. बाईट जोडल्यावर कापलेला मजकूर समोर ठेवून एकदा वाचा. बोलणाऱ्याने “पण” म्हणून घातलेली अट गेली असेल तर ती कात्री चुकीच्या जागी आहे. रिपोर्टरचे मान डोलावण्याचे शॉट नंतर घेता येतात, पण नंतर विचारलेला प्रश्न मूळ प्रश्नाच्याच शब्दांत हवा.

व्हीओ सगळ्यात शेवटी

वहीतल्या पानावर पीटीसी आणि बाईट बसले की मधल्या मोकळ्या जागा उरतात. व्हीओ त्या जागांपुरताच लिहायचा. मराठीत बातमीचं वाचन सेकंदाला साधारण दोन शब्दांच्या वेगाने होतं, म्हणजे बारा सेकंदांच्या जागेत पंचवीस शब्द. घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघा, मनातल्या मनात वाचलेलं नेहमी कमी वेळात संपतं.

वाक्य चित्राला धरून असावं पण चित्राचं वर्णन करू नये. ट्रकची रांग दिसत असताना “ट्रकची लांबच लांब रांग लागली आहे” म्हणणं वाया जातं. तिथे रांग केव्हापासून आहे, चालकांना बंदीची माहिती कुणी आणि कुठे दिली, हे सांगा.

दुसऱ्या दिवशीचं पॅकेज असं लागलं. सुरुवातीला तीन सेकंद नुसता आवाज: बॅरिकेडपाशी ट्रक मागे घेतला जातोय आणि क्लीनर ओरडतोय, “येऊ दे, येऊ दे!” मग पंधरा सेकंदांचा व्हीओ, चालकाचे हात, स्टिअरिंग, फलक आणि वळणाऱ्या ट्रकवर. चालकाचा 11 सेकंदांचा बाईट. बारा सेकंदांचा व्हीओ बेअरिंगच्या जवळच्या शॉटवर. अभियंत्याचा बाईट 31 वरून 19 सेकंदांवर आणलेला, एकच कात्री, त्यावर नकाशावरचं बोट. मग पुलाखालची पीटीसी. तिच्या शेवटच्या वाक्यात छोट्या गाड्यांचा उल्लेख होता, म्हणून पुढच्या व्हीओचा पहिला शॉट एकेरी सोडल्या जाणाऱ्या दुचाकींचा. वीस सेकंदांत वळसा आणि पुढची तपासणी सांगून झाली, आणि तीन सेकंद पुन्हा जागेवरचा आवाज. एकूण 98 सेकंद. व्हीओ 52 वरून 47 वर आला, फार कमी झाला नाही, पण आता प्रत्येक वाक्याखाली स्वतःचं चित्र होतं.

रेकॉर्डिंग गाडीत करत असाल तर इंजिन आणि एसी बंद, काचा वर, माइक तोंडापासून वीतभर लांब. जागेवरचा अर्धा मिनिट आवाज वेगळा रेकॉर्ड करून आणा. तो व्हीओखाली हलका ठेवला की गाडीतला कोंडलेला आवाज आणि पुलाखालची पीटीसी यांच्यातला फरक कानाला खटकत नाही.

टीम निघून आली असेल तर

मग पर्याय थोडे उरतात. सगळ्यात आधी व्हीओ कापा. चित्र नसलेली माहिती अँकरच्या निवेदनात हलवा. बैठकीची दोन वाक्यं तिथे सहज बसतात. आकडे किंवा मार्ग असेल तर ग्राफिक करून घ्या. बाईटमधली उडी झाकायला काहीच नसेल तर ती उघडपणे दाखवा, दोन तुकड्यांमध्ये अगदी छोटा पांढरा फ्लॅश किंवा डिझॉल्व्ह देऊन. त्याने निदान इथे कापलंय हे प्रेक्षकाला प्रामाणिकपणे कळतं. जुनं फुटेज वापरायची वेळ आलीच तर त्यावर “संग्रहित” ही पट्टी तो शॉट पडद्यावर आहे तेवढा वेळ हवी. आणि आज बंद असलेल्या पुलावरून ट्रक धावताना दिसणार असतील तर तो शॉट पट्टी लावूनही घेऊ नका. तेवढी वाक्यं काढा आणि पॅकेज वीस सेकंद छोटं सोडा.